गाढ झोपेचे पाच स्टार

ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात तिला सगळे चाळण म्हणायचे. नाव मालकाने ठेवलं होतं आणि थट्टेत ठेवलं होतं, पण पुढे पुढे ते कौतुकाचं झालं. कंपनी लहान होती. खाली टायरचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर तीन टेबलं, आणि एक पंखा, जो फोन आला की बंद करावा लागे, नाहीतर पलीकडच्याला वाटे की इकडे पिठाची गिरणी चालू आहे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक निवृत्त माणसं. पोरं मार्गी लागलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि जग बघायचं राहून गेलेलं. या माणसांना कुठल्या गावी, कुठल्या हॉटेलात उतरवायचं हे चाळणीने ठरवायचं. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन बघणं शक्य नव्हतं. म्हणून ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून इतरांनी लिहिलेले रिव्ह्यू वाचायची.

आणि ती ते असे वाचायची, जसं एखादी सासू नव्या सुनेच्या माहेरची पत्रं वाचेल.

‘स्वर्ग’ हा शब्द आला की ती पुढे सरकायची. स्वर्गात गेलेला माणूस परत येऊन लिहीत बसत नाही, असं तिचं म्हणणं. एकाच आठवड्यात दहा-बारा लोकांनी ‘घरगुती आपुलकी आणि हसतमुख कर्मचारी’ असं शब्दाला शब्द लावून लिहिलेलं दिसलं की म्हणायची, ही सगळी एका आईची लेकरं, आणि आई काउंटरवर बसली आहे. कौतुक करणाऱ्याने आयुष्यात दुसरं काय काय लिहिलंय ते ती बघायची. एका महाभागाने एकाच दिवशी तीन शहरांत नाश्ता केला होता आणि तिन्हीकडे तो भारावून गेला होता.

तक्रारींचंही तसंच. ‘धुक्यामुळे काहीच दिसलं नाही’ म्हणणाऱ्याचा राग धुक्यावर, हॉटेलवाल्याने काही धुकं भाड्याने आणलेलं नसतं. ‘संध्याकाळी करायला काहीही नाही’ ही तक्रार तर ती आनंदाने उतरवून घ्यायची, कारण तिच्या मंडळींना संध्याकाळी काहीही करायचं नसे. पण ‘पायऱ्या फार आहेत’ असं वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चार माणसांनी लिहिलं असेल, तर त्या हॉटेलवर काट. मालकाला तिने एकदा सांगितलेलं वाक्य त्याने पाठ करून टाकलं होतं आणि तो ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा: “एकाने म्हटलं तर तो माणसाचा स्वभाव, चौघांनी म्हटलं तर तो जागेचा स्वभाव.”

घरी मात्र तिला कुणी चाळण म्हणत नसे. दादा ‘ए पोरी’ म्हणे आणि वहिनी ‘बाळ’. चाळिशी ओलांडलेल्या बाईला बाळ म्हणतात म्हणून शेजारीण हसायची, पण वहिनीच्या जिभेला वळण पडलं होतं. आई गेली तेव्हा ही शाळेत होती. दादाचं नुकतंच लग्न झालेलं. त्या नव्या नवरीने हिच्या केसांतल्या उवा काढण्यापासून हिला नोकरीच्या मुलाखतीला इस्त्रीचे कपडे घालून पाठवण्यापर्यंत सगळं केलं, आणि स्वतःला मूल झालं नाही याबद्दल कधी ब्र काढला नाही. दादा छापखान्यात मशीनवर होता. सुट्टी म्हणजे झोप काढायचा दिवस. त्यामुळे वहिनीचा प्रवास म्हणजे दवाखाना, बाजार आणि नातेवाइकांची लग्नं. दादा निवृत्त झाल्यावर चाळणीने विडाच उचलला की या दोघांना एकदा कुठेतरी पाठवायचंच.

वहिनी आधी नाहीच म्हणाली. मग म्हणाली, फार लांब नको. मग म्हणाली, गर्दी नको. शेवटी तिने तिची खरी मागणी सांगितली: कुणी दार वाजवणार नाही अशा ठिकाणी झोपायचं आणि भरपूर गरम पाण्याने आंघोळ करायची. घरात बादलीभर पाण्यात तिघांचं उरकायची सवय. दादा म्हणाला, हिला डोंगर-बिंगर नको, हिला मोठी बादली हवी.

चाळणीने मात्र डोंगरच निवडला. थंडीचे दिवस होते. डोंगरावरचं ते हॉटेल जुनं, पण मागच्या बाजूला नव्या खोल्या बांधलेल्या. रिव्ह्यू शेकड्याने. तिने दुपारची जेवणाची सुट्टी सोडून ते वाचले, कारण हे गिऱ्हाईक घरचं होतं. कौतुक खरं वाटत होतं. लोकांनी खिडकीतून दिसणाऱ्या दरीबद्दल लिहिलं होतं, आणि प्रत्येकाला वेगळी गोष्ट आवडली होती, ही चांगली खूण. गरम पाणी बटण दाबायच्या आत येतं, असं लिहिलं होतं. झोप फार गाढ लागते, असंही बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. वहिनीसाठी याहून चांगलं काय असणार?

एकच रिव्ह्यू वाकडा होता. एका माणसाने एक स्टार देऊन आगपाखड केली होती. टॉवेल मळके, नाश्ता गार, मॅनेजर उद्धट, गॅसच्या गीझरमुळे बायको बाथरूममध्ये बेशुद्ध पडली, हे लोक खुनी आहेत, चहात साखर विचारल्याशिवाय घालतात. सगळं एका दमात, पूर्णविराम नाही. चाळणीने तो नेहमीसारखा तपासला. टॉवेल स्वच्छ असल्याचं पंधरा जणांनी लिहिलं होतं. नाश्ता गरम असल्याचं त्याहून जास्त लोकांनी. मॅनेजरचं नाव घेऊन आभार मानलेले. म्हणजे हा गृहस्थ तीन गोष्टींत खोटा किंवा निदान अतिरेकी. मग चौथ्या गोष्टीत तरी खरा कशावरून? त्याने जन्मात दुसरा रिव्ह्यू लिहिलेला नव्हता. खुनी आणि साखर एका ओळीत आणणाऱ्याला गंभीरपणे कोण घेणार? तिने तो बाजूला टाकला आणि खोली पक्की केली.

पहिल्या दिवशी वहिनीचा फोन आला. दरी दिसते, म्हणाली. मोठी खिडकी आहे, आणि नळातून पाणी असं येतं की बंद करावंसं वाटत नाही, मी अर्धा तास आत होते, तुझा दादा दार ठोठावत होता. चाळण हसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज जरा दमलेला. चाळणीने विचारलं, बरं आहे ना? वहिनी म्हणाली, “अगं, फार छान आहे. झोप अशी लागते म्हणून सांगू, मेल्यासारखी. तू निवडलंस, त्यात काय बघायचं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. तो बोलत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. मग दुसऱ्याच कुणीतरी फोन हातात घेऊन सांगितलं की बाई आंघोळीला गेल्या होत्या, बराच वेळ आल्या नाहीत म्हणून दार तोडलं.

डोंगरावरच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरने हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. वय झालेलं, थंडी, चढण, पहिलाच प्रवास. कुणी काही विचारलं नाही. दादाने दाखवलं तिथे सही केली. वहिनीला घरी आणलं तेव्हा जमलेल्या बायका म्हणाल्या, बघा चेहरा कसा टवटवीत आहे, लाली सुद्धा गेली नाही, पुण्यवान बाई, झोपेतच गेल्यासारखी गेली. चाळणीलाही ते ऐकून त्या वेळी बरं वाटलं होतं.

ती ऑफिसात परतली तेव्हा कुणी तिच्याकडे बघेना. मालकाने चहा मागवला, पंखा बंद केला, दोन वाक्यं बोलला आणि मग इकडचं तिकडचं करत मूळ मुद्द्यावर आला. निवृत्त शिक्षिकांचा एक मोठा गट होता. त्यांना थंडीतच डोंगर हवा होता, आणि त्यांच्या मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः तेच हॉटेल शोधून काढलं होतं, रिव्ह्यू बघून. तुला त्रास होणार असेल तर दुसऱ्या कुणाकडे देतो, तो म्हणाला. चाळण म्हणाली, नको, मीच बघते.

तिने हॉटेलचं पान उघडलं ते कामासाठी नव्हे. वहिनीने शेवटचे दिवस जिथे काढले त्या खिडकीचा फोटो तिला बघायचा होता. पण हाताला सवय. ती वाचत गेली, आणि वाचता वाचता एका पाच स्टारवर थांबली. कुणा बाईने लिहिलं होतं: ‘इथल्या हवेत नशा आहे! संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ केली आणि मेल्यासारखी झोप लागली. सकाळी डोकं जड होतं, पण एवढी विश्रांती वर्षात मिळाली नव्हती.’

मेल्यासारखी. अगदी तोच शब्द.

आजवर ती रिव्ह्यू दोन ढिगांत घालत आली होती, कौतुकाचे आणि तक्रारीचे. कौतुकाच्या ढिगात तक्रार शोधायची असते हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आता तिने स्टार बघायचं सोडून दिलं आणि महिने बघायला लागली. उन्हाळ्यात आलेल्या माणसांनी दरी, वारा, पक्षी लिहिले होते. थंडीत आलेल्यांनीही तेच लिहिलं होतं, पण अधूनमधून, कौतुकाच्या घोसात कोंबलेलं, काहीतरी वेगळं होतं. ‘आईला उंची मानवली नाही, चक्कर आली, पण मॅनेजरने लगेच लिंबूपाणी दिलं, फार माणुसकी.’ ‘मुलाला आंघोळीनंतर मळमळलं, वळणाचा रस्ता, बाकी सगळं मस्त.’ ‘पहिले दोन दिवस डोकं धरलं, मग घरी उतरल्यावर आपोआप गेलं, डोंगर म्हणजे डोंगरच!’ सगळ्यांचे पाच स्टार. कुणीही हॉटेलला दोष दिला नव्हता. प्रत्येकाने आपल्या आईला, पोटाला, रस्त्याला किंवा उंचीला दोष दिला होता.

उंची? तिने तपासलं. तो डोंगर माणसाला हवा विरळ लागावी एवढा उंच नव्हताच. तरी खात्री म्हणून तिने त्याच डोंगरावरची बाकीची हॉटेलं उघडली. तिथेही म्हाताऱ्या आया होत्या, वळणाचा रस्ता होता, थंडी होती. तिथे लोकांनी माकडांबद्दल, मच्छरांबद्दल, शेजारच्या खोलीतल्या घोरण्याबद्दल तक्रारी केल्या होत्या. डोकं मात्र कुणाचंही जड झालं नव्हतं. म्हणजे दोष डोंगराचा नव्हता, त्या हॉटेलचा होता.

मग तिने हॉटेलवाल्याची उत्तरं वाचली. आजवर ती ही उत्तरं फक्त सूर बघण्यासाठी वाचायची, माणूस नम्र आहे की खेकसतो एवढंच. दोन हिवाळ्यांपूर्वी कुणीतरी चार स्टार देऊन लिहिलं होतं की मागच्या नव्या खोल्या उत्तम, फक्त बाथरूममध्ये हवेसाठी ठेवलेल्या झडपेतून गार वारा येतो, आंघोळ करताना कुडकुडायला होतं. खाली हॉटेलवाल्याचं उत्तर: ‘आपल्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. मागच्या सर्व खोल्यांच्या बाथरूमच्या झडपा आम्ही कायमच्या बंद केल्या आहेत. आता वाऱ्याचा त्रास होणार नाही. पुन्हा यावे.’

ज्या हिवाळ्यात ते उत्तर लिहिलं, त्याच हिवाळ्यापासून लोकांची डोकी जड व्हायला लागली होती. त्याआधी एकही नाही.

शेवटी एक फोटो. कुणीतरी आपल्या बाळाचा काढला होता, अंगभर फेस, वर टोपीसारखा फेस. बाळामागे भिंतीवर गॅसचा गीझर दिसत होता. धूर बाहेर नेणारी नळी त्याला नव्हती. वरच्या झडपेवर प्लॅस्टिक चिकटवलेलं, कडेने पट्ट्या मारून, नीटनेटकं. फोटोखाली लोकांनी बाळाचं कौतुक केलं होतं.

दादाचा रक्तदाब तपासणारे डॉक्टर घराजवळच होते. तिने त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं काम ठेवलं. बंद जागेत गॅस जळला की हवा कमी पडते आणि विषारी वायू तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, ते म्हणाले. आधी डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय गळतात, आणि माणूस दारापर्यंत जायचं म्हणेपर्यंत खाली बसतो. चेहऱ्याची लाली कधी कधी त्यानेही राहते. रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. आता तपासायला काही उरलेलं नव्हतं.

हे सगळं तिने मालकापुढे मांडलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, फोटो मोठा करून बघितला, आणि मग तिचंच हत्यार तिच्यावर उगारलं.

“तूच सांगतेस ना, एकाने म्हटलं तर माणसाचा स्वभाव. बेशुद्ध पडल्याचं एकानेच लिहिलंय, तोही साखरेवरून भांडणारा. बाकीच्यांनी पाच स्टार दिलेत, बाई. डोकं कुणाचं दुखत नाही? माझं आत्ता दुखतंय.”

“डोकं दुखलं असं एकाने नाही म्हटलं, नऊ जणांनी म्हटलंय. फक्त तक्रार म्हणून नाही म्हटलं.”

मालकाने तिच्यासमोर हॉटेलवाल्याला फोन लावला. हॉटेलवाला आधी दुःखी झाला, मग गीझरचं नाव निघताच तापला. डॉक्टरने लिहून दिलंय, हृदय. तुमची माणसं आजारी अवस्थेत पाठवता आणि वर आमच्यावर ठपका. इथे रोज लोक आंघोळी करतात, कुणी मेलं का? झडपा उघडतो का, असं विचारल्यावर तो म्हणाला, उघडल्या की थंडीची तक्रार करता, बंद केल्या की मेलेल्यांची. फोन बंद.

मालकाने गट दुसरीकडे हलवला. मुख्याध्यापिका बाईंनी फोनवर त्याला चांगलंच धारेवर धरलं, इतके चांगले रिव्ह्यू असताना बदल कशासाठी, तुमचं कमिशन दुसरीकडे जास्त असणार, असंही म्हणाल्या. त्याने त्यांना पाण्याच्या टाकीचं काम निघालंय असं सांगितलं. चाळण समोरच बसलेली होती. तिने विचारलं, खरं का नाही सांगितलं? तो म्हणाला, “पुरावा काय? उद्या तो आपल्यावर दावा ठोकेल. आपली माणसं वाचली, एवढं पुष्कळ. गावच्या भानगडी आपण डोक्यावर घ्यायच्या नाहीत.”

त्या संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करण्याआधी तिने हॉटेलचं पान एकदा पाहिलं. नवा रिव्ह्यू आला होता. नवं जोडपं होतं. पाच स्टार. ‘अहो किती गाढ झोप!’

तिला दादाला सांगावं लागणार होतं. पुरावा होता तर तो त्याच्याकडेच होता. तो तिथे होता. पण त्याला विचारायचं म्हणजे हेही सांगायचं, की एका माणसाने आधी लिहून ठेवलं होतं, मी ते वाचलं होतं, आणि मी ते टाकून दिलं. हे वाक्य तिने बसमध्ये, जिन्यात, कुलपात किल्ली घालताना अनेकदा जुळवलं आणि मोडलं.

दादा स्वयंपाकघरात बसलेला होता. हल्ली तो तिथेच बसायचा, ओट्याला पाठ लावून, वहिनी बसायची त्या स्टुलावर. चाळणीने जमिनीवर बसकण मारली. आणि तिने गोल गोल न फिरता सगळं सांगितलं, तो रिव्ह्यू सुद्धा, साखर सुद्धा. सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. नळ ठिबकत होता तो दादाने उठून घट्ट केला आणि परत येऊन बसला.

“तिचंही डोकं दुखत होतं,” तो म्हणाला.

चाळणीने वर पाहिलं.

“दुसऱ्या दिवसापासून. माझंही धरलं होतं, पण मी दोन मिनिटांत बाहेर येणारा माणूस. ती आत तासभर. म्हणाली, गरगरतंय. मी म्हटलं, पोरीला फोन करतो, विचारतो तिला. तर मला म्हणाली,” दादा थांबला. “म्हणाली, नका हो सांगू. पोरीने एवढं शोधून दिलंय. तिला वाटेल आपल्याला आवडलं नाही.”

चाळण जन्मभर लोकांची खोटी कौतुकं ओळखत आली होती. काउंटरवरून आलेली, पैसे घेऊन लिहिलेली, मित्राने मित्रासाठी लिहिलेली. मायेने केलेलं कौतुक तिला फोनवर, आपल्याच माणसाच्या आवाजात ऐकू आलं, आणि ते तिने जसंच्या तसं खरं मानलं.

दादाने तिला माफ केलं असं म्हणता येणार नाही. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायला उठला नाही. त्याने एवढंच विचारलं, “त्या साखरवाल्याची बायको? वाचली का?”

तिला माहीत नव्हतं. त्याने लिहिलं नव्हतं.

“आणि लोक अजून जातायत तिथे?”

“जातायत.”

“मग लिही.”

तिने फोन काढला. लिहायचं काय हे तिला ठाऊक होतं, कारण कुठला रिव्ह्यू आपण खरा मानला असता हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? शिव्या नाहीत. खुनी नाही. कुठला महिना, मागच्या बाजूची कुठली खोली, बाथरूममध्ये गॅसचा गीझर, धुराला नळी नाही, झडप प्लॅस्टिकने बंद, दोघांचंही डोकं दुसऱ्या दिवसापासून दुखत होतं, तिसऱ्या सकाळी काय झालं. कारण सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरने हृदय लिहिलं आहे, हेही तिने लिहिलं. जे माहीत नाही ते माहीत नाही असं लिहिणाऱ्यावर ती स्वतः विश्वास ठेवायची. शेवटी एक ओळ: इथे राहायचं असेल तर बाथरूमची झडप उघडी आहे का बघा, नसेल तर गीझर लावू नका.

दादाने ते वाचायला मागितलं. चष्मा लावून सावकाश वाचलं, छापखान्यात छापून आलेला पहिला कागद तपासायचा तसं, ओळीवर बोट ठेवून.

“दरी लिहिली नाहीस,” तो म्हणाला.

“दादा...”

“दरी तिला आवडली होती. खिडकीत खुर्ची ओढून बसायची. ते खरं होतं. खरं लिहायचं तर सगळं लिही. नुसतं वाईट लिहिलंस तर तुझ्यासारखंच कुणीतरी बाजूला टाकेल.”

तिने दरी लिहिली. माणसं वागायला चांगली होती, हेही लिहिलं, कारण तेही खरं होतं, दार तोडणारा तो मॅनेजरच होता.

मग स्टार द्यायची वेळ आली. ते दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पाच रिकाम्या खुणा ओळीने उभ्या होत्या. चाळणीने पहिल्यावर अंगठा नेला. तिथेच तो अडला. एक स्टार दिला की हा रिव्ह्यू जाणार त्या साखरवाल्याच्या शेजारी, चिडक्या लोकांच्या रांगेत, आणि तिच्यासारखी एखादी बाई दुसऱ्या कुठल्या तरी ऑफिसात बसून, आपल्या कुणा वहिनीसाठी खोली शोधताना, दोन्ही एकदम पुढे ढकलणार. घाईत असलेला माणूस पाच स्टारवाले वाचतो, गंमत हवी असलेला एक स्टारवाले वाचतो. ज्याला खरंच जायचं असतं आणि ज्याला भीती वाटत असते, तो मधले वाचतो.

हे तिने दादाला समजावून सांगितलं. आपण त्याच्याकडे काय मागतो आहोत ते तिला कळत होतं.

दादाने ऐकून घेतलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज थांबेपर्यंत तो थांबला.

“म्हणजे तिथे तीन द्यायचे.”

“हो.”

“तिला मारलं त्या जागेला, पाचापैकी तीन.”

दादाने तिच्या हातातून फोन घेतला. छापखान्यातल्या रसायनांनी त्याची बोटांची टोकं कधीच गुळगुळीत झालेली, फोनला ती पटकन ओळखू येत नसत. पहिल्यांदा दाबलं तर काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा चार उजळले. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने त्याचं बोट धरून एक घर मागे आणलं, आणि तीन उजळलेले बघून त्याने स्वतःच पाठवलं.

मग तो फोन ओट्यावर पालथा ठेवून, वहिनीच्या स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसला.